पिन दोनवरचं शून्य

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत, ब्रेडबोर्डवर, ७४१ नावाच्या आठ पायांच्या आयसीभोवती इन्व्हर्टिंग ॲम्प्लिफायर जोडलेला आहे. इनपुटला अर्धा व्होल्ट दिलाय, आउटपुटला उणे पाच व्होल्ट मिळतायत. मल्टिमीटरचं काळं टोक ग्राउंडला ठेवून लाल टोक आयसीच्या दुसऱ्या पिनला लावलं, तर मीटर शून्य दाखवतो. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक या ठिकाणी एक प्रश्न हमखास टाकतात : ‘इथेही शून्य, ग्राउंडलाही शून्य. मग ही पिन वायरने सरळ ग्राउंडला जोडून टाकू?’

‘जोडा सर, काही फरक पडणार नाही,’ हे उत्तर अगदी सहज तोंडात येतं. वायर लावली की मात्र आउटपुटवरचे उणे पाच व्होल्ट नाहीसे होतात. आउटपुट कुठल्या तरी एका टोकाला, तेरा-चौदा व्होल्टवर जाऊन चिकटतं आणि मग इनपुट कितीही वर-खाली केलं तरी जागचं हलत नाही. व्होल्टेज सारखंच असलेले दोन बिंदू जोडले आणि सर्किट मेलं. या पिनला पाठ्यपुस्तकं व्हर्च्युअल ग्राउंड म्हणतात. तिची व्याख्या एका ओळीत पाठ करता येते, पण ती पाठ करून वरच्या प्रश्नाचं उत्तर सापडत नाही. ते सापडण्यासाठी शून्य तिथे कोण आणून ठेवतं, हे पाहावं लागतं.

सर्किट तसं अगदी लहान आहे. ऑप-ॲम्पला दोन इनपुट असतात, एक अधिक खुणेचं आणि एक उणे खुणेचं. ७४१ मध्ये उणे इनपुट म्हणजे पिन २, अधिक इनपुट म्हणजे पिन ३ आणि आउटपुट म्हणजे पिन ६. पिन ७ ला अधिक १५ व्होल्ट आणि पिन ४ ला उणे १५ व्होल्टचा पुरवठा. अधिक इनपुट थेट ग्राउंडला जोडायचं. आपला सिग्नल १० किलो-ओहमच्या रेझिस्टरमधून पिन २ ला द्यायचा, आणि आउटपुटपासून १०० किलो-ओहमचा दुसरा रेझिस्टर मागे वळवून त्याच पिन २ ला आणून जोडायचा. हा मागे वळवलेला रेझिस्टर म्हणजे फीडबॅक. संपलं सर्किट.

आता आयसी स्वतः काय करतो? तो फक्त एकच गोष्ट जाणतो : अधिक पिनचं व्होल्टेज वजा उणे पिनचं व्होल्टेज, गुणिले एक प्रचंड आकडा. या आकड्याला ओपन-लूप गेन म्हणतात. ७४१ च्या डेटाशीटमध्ये तो साधारण २,००,००० दिलेला असतो. म्हणजे दोन पिनांमध्ये एक मिलिव्होल्टचा फरक पडला तरी हिशेबाने आउटपुट २०० व्होल्ट व्हायला हवं. पुरवठाच १५ व्होल्टचा, त्यामुळे ते तेरा-चौदा व्होल्टपर्यंत जाऊन अडकतं. परीक्षकांच्या वायरने नेमकं हेच होतं. पिन २ ग्राउंडला बांधली की दोन्ही इनपुटं ग्राउंडवर येतात, आयसीच्या आतल्या ट्रान्झिस्टरांमध्ये एक-दोन मिलिव्होल्टची नैसर्गिक तफावत असतेच, आणि तेवढ्यावर आउटपुट टोकाला पळतं. आपल्या सिग्नलशी त्याचा काही संबंध उरत नाही.

वायर नसताना काय घडतं ते सावकाश पाहू. समजा आउटपुट या क्षणी शून्यावर आहे आणि आपण इनपुटला अर्धा व्होल्ट दिला. अर्धा व्होल्ट आणि शून्य यांच्यामध्ये दोन रेझिस्टर एकापुढे एक आहेत, १० आणि १०० किलो-ओहमचे. त्यांच्या सांध्यावर, म्हणजे पिन २ वर, ०.४५ व्होल्ट येतील. अधिक पिन शून्यावर आहे. उणे पिन वर गेली, म्हणून आयसी आउटपुट खाली ओढू लागतो. आउटपुट उणे एकवर आलं तेव्हा सांध्यावर ०.३६ व्होल्ट उरतात. उणे तीनवर आलं तेव्हा ०.१८. अजूनही अधिकच, म्हणून ओढणं चालूच. उणे पाचवर आलं की सांधा शून्यावर येतो आणि ओढणं थांबतं. समजा झोकात ते उणे सहापर्यंत गेलंच, तर सांधा उणे ०.०९ होईल, उणे पिन आता अधिक पिनच्या खाली गेली, आणि आयसी आउटपुट पुन्हा वर ढकलेल. दोन्ही बाजूंनी हाकलत हाकलत आउटपुट उणे पाचवरच येऊन बसतं, कारण तीच एक जागा अशी आहे की जिथे सांधा शून्यावर राहतो.

म्हणजे पिन २ वरचं शून्य हे आधीपासून तिथे नव्हतं, ते आउटपुटने आपली जागा बदलून बदलून तिथे आणलंय. आणि आणण्याची वाट आहे तो फीडबॅकचा रेझिस्टर. वायरने पिन २ बांधली की आयसीला आपलं आउटपुट बरोबर आहे की नाही हे कळण्याची सोयच राहत नाही.

बागेतला सी-सॉ डोळ्यांपुढे आणला तर ही गोष्ट आकड्यांसकट दिसते. एका बाजूची फळी दहा वीत, दुसऱ्या बाजूची शंभर वीत, आणि टेकू मध्ये शून्य उंचीवर. आखूड टोक अर्धा वीत वर उचललं तर लांब टोक पाच वीत खाली जातं. फळ्यांची लांबी म्हणजे रेझिस्टरांचे ओहम, टोकांची उंची म्हणजे व्होल्टेज, आणि टेकू म्हणजे पिन २. एका रांगेतल्या रेझिस्टरांमध्ये व्होल्टेज ओहमच्या प्रमाणात सरळ रेषेत उतरतं, म्हणून हे नुसतं रूपक नाही, आकडे नेमके तेच येतात. चिन्ह का उलटतं, या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे : टेकूच्या एका बाजूचं टोक वर गेलं की दुसरं खाली जाणारच. फरक एवढाच की या सी-सॉला खरा टेकू नाही. लांब टोक धरलेला माणूस टेकूच्या जागेवर नजर ठेवून आहे आणि ती जागा हलू न देण्याइतकं आपलं टोक खाली-वर करतोय.

आता परीक्षेतला भाग. ‘आदर्श ऑप-ॲम्पची वैशिष्ट्ये लिहा’ या प्रश्नाला आपल्याकडे यादी लिहायची पद्धत आहे : गेन अनंत, इनपुट रोध अनंत, आउटपुट रोध शून्य, बँडविड्थ अनंत, ऑफसेट शून्य, आणि अशाच आणखी दोन-तीन. यादीला गुण मिळतात, पण यादीतल्या सगळ्या ओळी सारख्या कामाच्या नसतात. इन्व्हर्टिंग ॲम्प्लिफायरचं सूत्र काढायला त्यातल्या दोनच लागतात, आणि त्या कुठे वापरल्या हे दाखवणाऱ्याचं उत्तर तपासणाऱ्याला लगेच वेगळं दिसतं.

पहिली, इनपुट रोध अनंत. म्हणजे पिन २ मधून आत अजिबात करंट जात नाही. सांध्यावर जेवढा करंट आला तेवढा सगळा फीडबॅकच्या रेझिस्टरमध्येच गेला पाहिजे. दुसरी, गेन अनंत. आउटपुट उणे पाचसारखं मर्यादित असेल आणि गेन अनंत असेल, तर दोन इनपुटांमधला फरक शून्यच असला पाहिजे. अधिक इनपुट ग्राउंडवर आहे, म्हणून पिन २ शून्यावर. मग इनपुट रेझिस्टर R1 आणि फीडबॅक रेझिस्टर Rf धरून सांध्यावर किरचॉफचा करंटचा नियम लावायचा :

Vin / R1 = −Vout / Rf

आणि म्हणून

Vout = −(Rf / R1) × Vin

आपल्या आकड्यांत, अर्ध्या व्होल्टला १० किलो-ओहममधून ५० मायक्रोअँपियर वाहतात. तेच ५० मायक्रोअँपियर १०० किलो-ओहममधून वाहताना पाच व्होल्ट खर्च होतात. शून्यापासून पाच व्होल्ट उतरलो, म्हणजे आउटपुट उणे पाच.

इथे एक चूक फार रुळलेली आहे. ‘व्हर्च्युअल ग्राउंड असल्यामुळे करंट पिन २ मधून ग्राउंडला जातो,’ असं लिहिणारे बरेच आढळतात. तसं असतं तर फीडबॅकच्या रेझिस्टरमध्ये काहीच गेलं नसतं आणि आउटपुटही मिळालं नसतं. ग्राउंडची दोन लक्षणं असतात : व्होल्टेज शून्य आणि येईल तेवढा करंट गिळण्याची तयारी. व्हर्च्युअल ग्राउंडकडे पहिलं आहे, दुसरं नाही. मग ते ५० मायक्रोअँपियर जातात तरी कुठे? फीडबॅकच्या रेझिस्टरमधून पिन ६ मध्ये, तिथून आयसीच्या आउटपुटच्या ट्रान्झिस्टरमधून पिन ४ ला, आणि पुढे उणे १५ व्होल्टच्या पुरवठ्यात. आकृतीत पुरवठ्याच्या तारा काढायचा कंटाळा केला जातो, म्हणून ही वाट दिसत नाही. प्रयोगात मात्र ती तार निघाली की लगेच कळतं.

ही वाट न दिसल्यामुळे घरी प्रयोग करणारा नेमका एका ठिकाणी अडकतो. नऊ व्होल्टची एक बॅटरी घ्यायची, अधिक टोक पिन ७ ला, उणे टोक पिन ४ ला आणि तेच ग्राउंड समजायचं. इनपुट अर्धा व्होल्ट दिला तर आउटपुट उणे पाच हवं, पण शून्याच्या खाली या सर्किटमध्ये काही अस्तित्वातच नाही. ७४१ चं आउटपुट तर खालच्या पुरवठ्याच्या अगदी जवळही जाऊ शकत नाही, एक-दोन व्होल्ट वरच अडतं. आयसी खराब समजून दुसरा आणला जातो, तोही तसाच वागतो. दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून त्यांच्या मधल्या जोडाला ग्राउंड मानलं की तोच पहिला आयसी नीट चालतो.

आदर्श गृहीतकं खोटी आहेत, हे उघडच आहे. किती खोटी, हे मोजणं जास्त मजेचं. गेन अनंत न धरता A धरला तर आउटपुट उणे पाच असण्यासाठी पिन २ वर पाच भागिले दोन लाख, म्हणजे २५ मायक्रोव्होल्ट लागतात. साधा मल्टिमीटर ते शून्यच दाखवणार. (प्रत्यक्षात त्यात आतल्या तफावतीचा एखादा मिलिव्होल्ट मिसळलेला असतो, त्यामुळे चांगला मीटर असेल तर अगदी शून्य दिसत नाही.) हा A ठेवून तीच पायरी पुन्हा केली तर सूत्र असं येतं :

Vout = −(Rf / R1) × Vin / [1 + (1 + Rf/R1) / A]

दहाच्या गेनसाठी कंसातली भर ११ भागिले २,००,०००. गेन दहाऐवजी ९.९९९४५ येतो. आता दुसरा आयसी घ्या, डेटाशीटने परवानगी दिलेला अगदी वाईटातला, ज्याचा गेन २०,००० च आहे. त्याने ९.९९४५ मिळतील. आयसीचा गेन दहापटीने घसरला आणि सर्किटचा गेन अर्ध्या टक्क्याच्याही दहाव्या भागाने बदलला. उलट, पाच टक्के तफावतीचे सोनेरी पट्टीचे रेझिस्टर वापरले तर एक पाच टक्क्यांनी कमी आणि दुसरा पाच टक्क्यांनी जास्त निघून गेन ९.०५ पासून ११.०५ पर्यंत कुठेही असू शकतो. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये ‘निष्कर्ष : ऑप-ॲम्प आदर्श नसल्यामुळे फरक आला’ असं वर्षानुवर्षं उतरवलं जातं. बिचाऱ्या ऑप-ॲम्पचा तिथे फारसा दोष नसतो. आधी दोन्ही रेझिस्टर मीटरने मोजावेत.

दोन लाखांचा गेन असलेला आयसी आणून त्याच्याकडून दहाचाच घ्यायचा, हा व्यवहार पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उधळपट्टीचा वाटतो. १९२७ सालीही तो तसाच वाटला होता. बेल लॅब्समधले हॅरल्ड ब्लॅक टेलिफोनच्या लांब लायनींवरचे ॲम्प्लिफायर सुधारण्याच्या मागे होते. व्हॅक्यूम ट्यूबचा गेन तापमानाने, वयाने, पुरवठ्याने बदलायचा आणि एकामागोमाग शेकडो ॲम्प्लिफायर लागले की आवाजाची वाट लागायची. त्या वर्षीच्या २ ऑगस्टला हडसन नदी ओलांडून कामावर जाताना फेरीबोटीत त्यांना निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना सुचली आणि ती त्यांनी हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावर लिहून काढली. गेनचा मोठा भाग सोडून द्यायचा आणि बदल्यात स्थिरता घ्यायची. ट्यूब कशीही वागो, उरलेला गेन ठरतो तो रेझिस्टरांच्या प्रमाणावर, आणि रेझिस्टर हा स्वभावाने स्थिर प्राणी आहे.

आता टेकू कधी सुटतो ते पाहू. इनपुट अर्ध्या व्होल्टवरून दोन व्होल्टवर नेलं. सूत्र म्हणतं उणे वीस. पुरवठा आहे उणे पंधरा, आणि ७४१ त्याच्याही एक-दोन व्होल्ट आधीच थांबतो. आपण उणे १३ धरू. लांब टोक जमिनीला टेकलं, आखूड टोक वर उचललेलंच आहे, मग टेकूची जागा वर उचलली जाणार. किती? दोन आणि उणे १३ यांच्यामधल्या १५ व्होल्टांपैकी अकरावा भाग इनपुटच्या रेझिस्टरमध्ये खर्च होतो, म्हणजे १.३६ व्होल्ट, आणि पिन २ वर उरतात ०.६४ व्होल्ट. मीटरने सहज दिसतील असे. दोष शोधताना म्हणूनच मी आउटपुटआधी पिन २ मोजायला सांगेन. तिथे शून्याच्या आसपास असेल तर आयसी आपलं काम करतोय आणि चूक रेझिस्टरांत किंवा सिग्नलमध्ये शोधावी. तिथे अर्धा-पाऊण व्होल्ट असेल तर आयसीचं आउटपुट कुठेतरी अडलंय : पुरवठा नाही, सिग्नल जास्त आहे, फीडबॅकची तार सुटली आहे किंवा आयसीच गेलाय.

लेखी परीक्षेतही हा सापळा असतो. प्रश्नात ‘पुरवठा ±१५ व्होल्ट’ असं कुठेतरी सहज लिहिलेलं असतं आणि इनपुट असं दिलेलं असतं की सूत्राने उणे वीस यावेत. उणे वीस लिहून खाली दुहेरी रेघ मारणाऱ्याचे गुण जातात.

याहून अवघड सापळा दोन इनपुटांची अदलाबदल करण्यात आहे. सिग्नल आणि फीडबॅक पिन ३ वर आणले आणि पिन २ ग्राउंडला जोडली. कागदावर तीच दोन गृहीतकं लावा, तेच समीकरण येतं, तेच उत्तर : उणे पाच. A मर्यादित धरून केलं तरी भागाकारातलं एक चिन्ह तेवढं बदलतं आणि उत्तर पुन्हा जवळजवळ उणे पाचच. बीजगणिताला इथे काहीच खटकत नाही. प्रत्यक्षात मात्र हे सर्किट तेरा व्होल्टवर जाऊन बसतं. मघासारखंच पाऊल-पाऊल बघा. आउटपुट शून्यावर असताना सांध्यावर ०.४५ व्होल्ट आहेत, पण आता सांधा अधिक पिनवर आहे, म्हणून आयसी आउटपुट वर ढकलतो. आउटपुट वर गेल्याने सांधा आणखी वर जातो, त्याने आउटपुट आणखी वर. शेवटी आउटपुट १३ व्होल्टला अडतं, तेव्हा सांध्यावर १.६४ व्होल्ट असतात आणि ते त्याला तिथेच दाबून धरतात. उणे पाच हे समीकरणाचं उत्तर आहे खरं, पण त्या जागेवरून जरासा धक्का लागला की सर्किट परत येत नाही, पळून जातं. दोन इनपुटं सारख्या व्होल्टेजला असतात हा नियम निगेटिव्ह फीडबॅक असेल तरच लावायचा, हे वाक्य पुस्तकात असतं ते यासाठी. आकृती हाती आली की सूत्राकडे जाण्याआधी फीडबॅकची तार कुठल्या खुणेला मिळते ते बघावं.

व्हर्च्युअल ग्राउंडची एक किंमत सिग्नल देणाऱ्याला मोजावी लागते. ऑप-ॲम्पचा इनपुट रोध अनंत, मग या ॲम्प्लिफायरचा इनपुट रोध किती? अनंत लिहून मोकळे होणारे पुष्कळ. सिग्नलच्या बाजूने पाहिलं तर १० किलो-ओहम आणि त्यापलीकडे शून्य व्होल्ट, एवढंच दिसतं. म्हणून इनपुट रोध १० किलो-ओहम. सिग्नल देणाऱ्या सेन्सरचा स्वतःचा रोध १० किलो-ओहम असेल तर तो R1 मध्येच मिळवावा लागतो, एकूण वीस होतात आणि गेन दहाऐवजी पाच मिळतो. सेन्सर सुटा मोजला तर अर्धा व्होल्ट बरोबर, जोडल्यावर आउटपुट निम्मं. अशा वेळी आयसी बदलून उपयोग नसतो. मध्ये बफर घालावा किंवा नॉन-इन्व्हर्टिंग जोडणी वापरावी.

पण जी गोष्ट इथे अडचण आहे, तीच दुसरीकडे सोय होते. पिन २ शून्यावर खिळलेली आहे, तर तिला आणखी एक सिग्नल स्वतःच्या १० किलो-ओहममधून जोडून बघा. पहिल्या सिग्नलला दुसरा आल्याचं कळतच नाही, कारण त्याच्या रेझिस्टरचं पलीकडचं टोक शून्यावरच आहे. अर्धा व्होल्ट आपले ५० मायक्रोअँपियर पाठवतो, ०.२ व्होल्टचा दुसरा सिग्नल २०, दोन्ही मिळून ७० फीडबॅकमधून जातात आणि आउटपुट उणे सात होतं. बेरीज झाली. अनेक माइक एकत्र करणाऱ्या ऑडिओ मिक्सरमध्ये हेच सर्किट असतं. एका गायकाचा आवाज कमी केला म्हणून तबल्याचा बदलत नाही, तो या शून्यामुळे. बेरजेसाठी हे सर्किट वापरण्याची कल्पना मिक्सरच्या आधीची, गणितं सोडवणाऱ्या अॅनालॉग संगणकांतली आहे. १९४७ साली जॉन रॅगझिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा यंत्रांवरच्या निबंधात ऑपरेशनल ॲम्प्लिफायर हे नाव वापरलं, ते गणिती क्रिया करणारा म्हणून. त्यातला एक व्होल्टेज बेरजेचा, रेझिस्टरऐवजी कपॅसिटर फीडबॅकमध्ये घातला की तोच इंटिग्रेशनचा.

शेवटची मर्यादा वेगाची, आणि ती समजून घ्यायला ७४१ च्या पोटात डोकवावं लागतं. १९६८ साली फेअरचाइल्ड कंपनीत डेव्ह फुलागर यांनी हा आयसी घडवला तेव्हा आत ३० पिकोफॅरडचा एक लहानसा कपॅसिटर चिपवरच बसवला. त्याआधीच्या ७०९ ला तो बाहेरून लावावा लागे, आणि चुकला तर ॲम्प्लिफायर आपणहून आंदोलनं करू लागे. आतल्या कपॅसिटरने ती भीती गेली. आयसी गेनला जाणूनबुजून आवरतो : दोन लाखांचा गेन जेमतेम पाच हर्ट्झपर्यंत टिकतो, पुढे वारंवारता दहापट झाली की गेन दहावा भाग होतो, आणि एक मेगाहर्ट्झला तो एकच उरतो.

याचा अर्थ पिन २ वरचं शून्य वेगाबरोबर विरळ होत जातं. डीसीला पाच व्होल्ट आउटपुटसाठी तिथे २५ मायक्रोव्होल्ट पुरत होते. एक किलोहर्ट्झला गेन हजारच उरतो, म्हणून पाच मिलिव्होल्ट लागतात. दहा किलोहर्ट्झला गेन शंभर, म्हणून ५० मिलिव्होल्ट, आणि ते सीआरओवर स्पष्ट दिसतात. गंमत म्हणजे तेव्हाही सर्किटचा गेन दहापेक्षा अर्ध्या-पाऊण टक्क्यानेच कमी असतो, कारण पिन २ वरची ही लाट आउटपुटच्या लाटेपेक्षा पाव फेरा पुढे-मागे असते आणि सरळ वजा होत नाही.

आणखी वर, वीस किलोहर्ट्झला गेलं की त्याच पाच व्होल्टच्या लाटेचं रूप पालटतं. गोलाई जाऊन ती त्रिकोणी दिसू लागते. ७४१ चं आउटपुट एका मायक्रोसेकंदात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त सरकू शकत नाही आणि या लाटेला मधल्या चढावर ०.६३ व्होल्टचा वेग हवा असतो. आयसी आउटपुट पूर्ण ताकदीने ढकलतोय पण ते हव्या जागी वेळेत पोचत नाही, म्हणून तेवढा वेळ पिन २ मोकळी सुटलेली असते आणि सीआरओवर तिथे चांगली मोठी लाट दिसते. फंक्शन जनरेटरची वारंवारता तीच ठेवून इनपुट अर्ध्या व्होल्टवरून ०.१ व्होल्टवर आणा. आउटपुट एका व्होल्टचं होतं, लागणारा वेग ०.१३ वर येतो, त्रिकोण पुन्हा गोल होतो, आणि पिन २ वरची लाट वीस मिलिव्होल्टवर उतरते.